आबा बोलत नाहीयेत

जुनी मोटारसायकल घ्यायची म्हटली की आपल्याकडे चार माणसं तिच्याभोवती फिरतात. पहिला मालक कोण, किती चालली, कर्ज फिटलंय का, कुठे ठोकली होती का, सगळं विचारून होतं. सिमकार्ड घेताना मात्र आपण फक्त आकड्यांची बेरीज करतो. गांधी चमनजवळच्या दुकानात मी हेच केलं. दुकानदाराने यादी पुढे केली, त्यातला लक्षात राहील असा नंबर मी निवडला आणि त्याने अंगठ्याचा ठसा घेतला. हा नंबर आधी कोणाच्या खिशात होता, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी दुकानदाराला सांगता आलं नसतं, कारण ते त्यालाही ठाऊक नसतं.

हा नंबर होता आबांचा. सिम चालू झालं त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं, पण निम्म्या अंबड तालुक्याला माहीत होतं.

पहिला फोन सकाळी सहाला आला. "आबा, पोरं घेऊन निघालो. आज तोडायचा ना माल?" मी म्हणालो, राँग नंबर. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आबा, असं नका करू. एकवीस हजारानं ठरलंय आपलं." मी सांगितलं, मी आबा नाही. "बरं, साडेएकवीस." मी म्हणालो, अहो, माझ्याकडे मोसंबीची बाग नाही, कुंडीत कढीपत्त्याचं एक रोप आहे. "बावीस, आबा. याच्यावर नाही परवडत, बाजार पाहा की." मी जितकं ठामपणे नाही म्हणत होतो तितका टनाचा भाव चढत होता. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. पण भाव वाढवून घ्यायची इतकी सोपी रीत तिथेही कोणाला सापडली नसावी. मी फोन ठेवला तेव्हा बावीसवर सौदा अडलेला होता.

पुढे कळत गेलं ते असं. आपल्याकडे प्रीपेड नंबर वापरला नाही तर तो कायमचा आपला राहत नाही. सलग ९० दिवस त्या नंबरावर कॉल, मेसेज, इंटरनेट असं काहीच झालं नाही, तर कंपनीला तो बंद करता येतो. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पैसे संपले की पंधरा दिवसांची शेवटची सवलत असते आणि मग नंबर बंद होतो. बंद झालेला नंबर पुन्हा किमान ९० दिवस कोणाला द्यायचा नसतो. म्हणजे आबांनी फोनकडे पाठ फिरवल्यापासून तो माझ्याकडे येईपर्यंत साधारण सहा-सात महिने सहज जातात. सहा महिन्यांत मोसंबीचा बहार बदलतो, पण लोकांच्या फोनमधलं "आबा" हे नाव काही बदलत नाही.

नंबर दहा आकडी असल्यामुळे ते अमाप असतील असं वाटतं. पण मोबाईलचा नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, आणि कंपन्यांना तो परिमंडळागणिक गठ्ठ्याने मिळतो. म्हणून जुने नंबर फिरवावेच लागतात. जालना महाराष्ट्र-गोवा परिमंडळात येतं (मुंबईचं वेगळं आहे). त्यामुळे आपल्याला ज्याचा नंबर मिळतो तो माणूसही बहुधा इकडचाच निघतो आणि त्याची माणसं आपल्याशी अस्सल मराठीत भांडतात. तमिळ बोलणारा वसुलीवाला आला असता तर मी सुटलो असतो.

वसुलीवाला आलाच, म्हणजे फोनवर. "आबा, हप्ता?" मी आबा नाही, म्हटल्यावर तो समजूतदारपणे हसला. "सगळे असंच म्हणतात, आबा." हप्ता थकवणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःची ओळख नाकारतो, हा त्याचा रोजचा अनुभव, त्यामुळे खरा अनोळखी माणूस त्याला ओळखताच येत नाही. मग त्याने सुचवलं, "तुम्ही आबा नाही ना? मग तुमच्या आधारचा फोटो पाठवा." हे मात्र कधीच करू नये. आपण कोण नाही हे सिद्ध करायला आपण कोण आहोत याचे कागद अनोळखी माणसाला द्यायचे, आणि तेही वसुलीच्या धंद्यातल्या! मी त्याला संस्थेचं नाव आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल विचारला. त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या: हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, तुमच्या कर्जदाराशी माझा संबंध नाही, नोंदीतून काढा. सोबत सिम घेतल्याच्या तारखेची पावती जोडली, आधार नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या परिपत्रकात सांगितलंय. मी तर कर्जदारही नव्हतो. पण त्या वाक्याचा उल्लेख केल्यावर त्याचा सूर एकदम "सर" वर आला. आबांना त्याने कधी सर म्हटलं नसावं.

व्हॉट्सॲपवर वेगळीच गंमत. खातं ४५ दिवस वापरात नसेल आणि मग दुसऱ्या फोनवर चालू झालं, तर नंबर दुसऱ्याकडे गेला असं व्हॉट्सॲप धरतं आणि जुन्या माणसाचा फोटो व माहिती काढून टाकतं. आबांचा फोटो तसा गेला, आणि माझा लागला. पण आबांच्या गोतावळ्याच्या फोनमध्ये नाव तेच. त्यामुळे एका सकाळी पन्नाशीतला, चष्मा लावलेला, जालना शहरातला एक मास्तर त्यांना "आबा" म्हणून दिसू लागला. "आबा, केस काळे केले काय?" "आबा, बारीक झालात, साखर तपासा." एका भाचीने तर आनंदाश्रूंची चित्रं पाठवली. मला चार महिन्यांत माझ्या सख्ख्या भाचीने एवढं विचारलेलं नाही. प्रोफाइलचा फोटो "फक्त माझे संपर्क" यावर ठेवला तेव्हा आबांच्या तब्येतीची चौकशी थांबली.

(आबांनी दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावला असता, तर मला व्हॉट्सॲप चालू करायलाच सात दिवस थांबावं लागलं असतं. आबांनी तो लावलेला नव्हता. लावणारा माणूस नंबर बंद करायच्या आधी तो बदलूनही घेतो.)

उलट्या बाजूने त्रास झाला तो नाव दाखवणाऱ्या ॲपचा. मी मुख्याध्यापकांना फोन केला तर त्यांच्या पडद्यावर "आबा मोसंबी अंबड" उमटलं. त्यांनी उचललाच नाही. त्या ॲपमध्ये जाऊन नाव दुरुस्त करता येतं, ते मी केलं. पण ज्यांनी आबांना स्वतःच्या हाताने तसं जपून ठेवलं होतं, त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येईल. पण नंबर म्हणजे आता नुसता बोलायचा नंबर राहिलेला नाही. तो बँकेत, गॅसच्या एजन्सीत, आधारात, महावितरणात, सोसायटीच्या कपाटात बसलेला असतो. आबांनी रिचार्ज सोडला, पण या कचेऱ्यांपैकी एकालाही कळवलं नाही. पंपाचं वीजबिल मला येतं. पीएम-किसानचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज मला येतो. एकदा भर दुपारी गॅसवाल्याचा फोन: "आबा, टाकी घेऊन दारात उभा आहे, कोड सांगा." कोड माझ्याकडे आला होताच. टाकी त्यांच्या दारात, कोड माझ्या खिशात, आणि त्यांच्या घरात चहा खोळंबलेला.

सांगावा की नाही? वाटतं, द्यावा बिचाऱ्यांना. मी दिला नाही. कारण फोनवर येणारा माणूस कशासाठी कोड मागतोय आणि कोड प्रत्यक्षात कशाचा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय तो टाकीचा आहे की खात्याचा, हे समजत नाही. आणि यात एक फसवणूकही ठरलेली आहे. कोणी फोन करतं, "हा माझा जुना नंबर होता, चुकून ओटीपी तुमच्याकडे आलाय, सहा आकडे सांगा ना." ते सहा आकडे बहुतेक वेळा तुमच्याच व्हॉट्सॲपचे असतात. सांगितलेत की तुमचं खातं त्याच्या फोनवर चालू होतं आणि तुमच्या मेव्हण्याला तुमच्या नावाने पैसे मागितले जातात. खऱ्या आबांचा फोन आणि खोट्या आबांचा फोन कानाला सारखाच लागतो. म्हणून कोणाचाच कोड कोणालाच नाही. गॅसवाल्याला सांगितलं, एजन्सीत नंबर बदलायला सांगा. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच या ना एजन्सीत."

दुसरा मोह आणखी वाईट. खरेदीच्या ॲपमध्ये मी नंबर टाकला, ओटीपी आला, आणि मी थेट आबांच्या खात्यात. पत्ता, जुन्या ऑर्डरी, परत केलेले बूट. यात काही चोरी नाही, ॲपनेच दार उघडलं. पण तिथून पुढे एक पाऊल टाकलं, म्हणजे "पासवर्ड विसरलो" दाबून कोणाच्या बँकेत किंवा ईमेलमध्ये शिरलं, की ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क मध्ये बसतं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मी बाहेर पडलो आणि ॲपच्या ग्राहक सेवेला लिहिलं की हा नंबर आता माझा आहे, जुनं खातं यातून सोडवा. आबांचं खातं मी स्वतः पुसलं नाही. ते पुसायचा हक्कही त्यांचाच.

पैशाच्या बाबतीत एक चाचणी मात्र प्रत्येकाने घ्यावी, आणि ती फुकट आहे. शेजाऱ्याच्या फोनवरच्या यूपीआय ॲपमध्ये आपला नवा नंबर टाकायला सांगायचं आणि पैसे न पाठवता फक्त नाव बघायचं. माझ्या नंबरावर आबांचं नाव आलं. म्हणजे कोणी मला "नंबरवर टाकतो" म्हणून भिशीचे पाचशे पाठवले असते, तर ते अंबडला गेले असते. मी बँकेत माझ्या खात्याला हा नंबर जोडला, यूपीआय नव्याने नोंदवलं आणि शेजाऱ्याकडून पुन्हा पाहून घेतलं. तोवर सगळ्यांना क्यूआर कोड दिला, नंबर नाही.

सरकारदरबारी याचा विचार झालाय, अगदीच नाही असं नाही. बंद केलेल्या नंबरांची एक यादी दूरसंचार खात्याच्या मंचावर असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ही यादी पाहून आपल्या नोंदी साफ करा. यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाने तर दर आठवड्याला किमान एकदा करायला सांगितलंय. पण गावच्या पतसंस्थेला, कृषी सेवा केंद्राला, बियाण्याच्या दुकानाला अशी यादी कोण दाखवणार? तिथे वहीत पेनने लिहिलेला नंबर पेनानेच खोडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयातही हा विषय नोव्हेंबर २०२३ मध्ये येऊन गेला. बंद नंबर ९० दिवस कोणाला देत नाही, असं नियामकाने सांगितलं, आणि न्यायालय म्हणालं, आपली खासगी माहिती सांभाळायची जबाबदारी आधीच्या माणसानेही घ्यावी. थोडक्यात, चेंडू आबांच्या बागेत.

पण आबा सापडणार कुठे? मोसंबीवाला माझं ऐकत नव्हता, वसुलीवाल्यालाही ते हवेच होते. शेवटी मदतीला आल्या काकू.

"लाडकी बहीण" योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्यात बाईच्या आधारासोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागत होतं, आणि त्याचा ओटीपीही. म्हणजे महिन्याचे दीड हजार टिकवायला नवऱ्याचा फोन हवा. आबांच्या आधारला माझा नंबर. सेवा केंद्रातून फोन आला, "आबा, काकू इथं बसल्यात, ओटीपी आला असेल, सांगा लवकर, मागं रांग लागलीय." मी म्हणालो, मी आबा नाही. पलीकडे कुजबुज झाली आणि काकूंनीच फोन घेतला. नवऱ्याचा नवा नंबर त्यांना पाठ नव्हता. जुना मात्र वीस वर्षांच्या संसारासारखा तोंडपाठ.

"कोण बोलतंय? ह्यांचा फोन तुमच्याकडं काऊन?"

मी सांगू लागलो, नंबर बंद झाला, कंपनीने मला दिला...

"असं कसं देतीन? नंबर आमचा हाय. चोरला का तुम्ही?"

मी विनवलं, काकू, ओटीपी मी देऊ शकत नाही, पण आबांना मला फोन करायला सांगा. त्या म्हणाल्या, "ते काय करतीन, मीच येते पोलीस घेऊन." आणि फोन ठेवला. त्या दिवशी दारावरची बेल वाजली की मी आधी खिडकीतून पाहत होतो.

हे काही विनोदासाठी सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातल्या एका तरुणाच्या घरी पोलीस खरंच गेले होते. देवभोगच्या दुकानात त्याने सिम घेतलं आणि व्हॉट्सॲपवर फोटो दिसला क्रिकेटपटू रजत पाटीदारचा. मग विराट कोहली, एबी डिव्हिलियर्स असे फोन यायला लागले. तो आणि त्याचा मित्र मजा समजून बोलत राहिले. स्वतः पाटीदारने फोन करून सिम परत मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, मग आम्ही धोनी. थोड्या वेळाने दारात पोलीस आले आणि नंबर पाटीदारकडे परत गेला. त्या पोरांचं कौतुक असं की ते कोहलीचे चाहते होते. मिळालेल्या नंबराने त्यांना कोहली दिला. मला वसुली अधिकारी दिला. आणि नंबर परत मिळवण्याइतकी ओळख आपल्यातल्या कोणाकडे नसते, आबांकडेही नव्हती.

काकूंनी पोलीस आणले नाहीत. संध्याकाळी मुलाच्या फोनवरून आबांचाच फोन आला. शांत, समजूतदार आवाज. रिचार्ज महाग झाला म्हणून दोन सिमांपैकी एक सोडलं, एवढीच त्यांची बाजू. "आता काय करावं मास्तर?" ते म्हणाले. मी त्यांना क्रम सांगितला, कारण क्रम चुकला की चकरा वाढतात. सगळ्यात आधी आधार केंद्र. तिथे नंबर बदलायला जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही, बोटांचे ठसे चालतात. आणि काकूंची केवायसी, पीएम-किसान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं त्याच नंबरावर अडलेलं. मग पासबुक घेऊन बँकेच्या शाखेत स्वतः जायचं, कारण ॲपमधून बदलायला गेलं तर खात्रीचा मेसेज पुन्हा माझ्याकडेच येईल. मग गॅस एजन्सी. महावितरणचं तर घरबसल्या होतं: नव्या फोनवरून MREG, मोकळी जागा, आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा मेसेज ९९३०३९९३०३ ला.

आबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "मोसंबीवाल्याचा फोन आला होता का हो?"

आला होता, म्हटलं. बावीसपर्यंत आलाय.

"मला एकवीसच म्हणत होता!" आबा म्हणाले. आणि मग थोड्या संकोचाने, "तुम्ही आणखी एक-दोनदा नाही म्हणाल का?"

आता नवं सिम घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. पहिले पंधरा दिवस ते दुसऱ्या खाचेत घालून नुसतं ऐका, बँकेला आणि आधारला देऊ नका. फार माणसं दुसऱ्याच्या नावाने हाक मारायला लागली, तर तेव्हाच दुकानात जाऊन दुसरा नंबर घ्या. तोपर्यंत काही अडकलेलं नसतं. आणि सोडणाऱ्यांना: सिम जिवंत असताना, ओटीपी तुमच्याच हातात येत असताना आधार, बँक, गॅस बदलून घ्या, आणि व्हॉट्सॲपमधलं "नंबर बदला" वापरा. थकलेला हप्ता असेल तर नवा नंबर सगळ्यात आधी वसुलीवाल्याला कळवा. तुमच्या आयुष्यात सर्वांत नियमित फोन करणारा माणूस तोच आहे, आणि तो पुढच्यालाही सोडत नाही.